मोत्यासारख्या खळीदार पुळ्या: मुलांच्या अंगावरचे मोलस्कम काढावे की थांबावे?

आषाढातल्या एका ओल्या सकाळी दापोलीच्या बाजूच्या एका गावातून पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तिची आई आणि आजी माझ्या दवाखान्यात आल्या. मुलीच्या डाव्या काखेत आणि त्याखालच्या बरगड्यांवर साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यांसारख्या चौदा पुळ्या होत्या. त्या दुखत नव्हत्या, ताप नव्हता आणि मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. आईने दीड महिना वाट पाहिली होती, मग औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणून लावली होती. आजीच्या पिशवीत एका छोट्या बाटलीत काजूच्या टरफलाचे तेल होते. "चामखिळीला हेच लावतो आम्ही, एका थेंबात जळून जाते," असे आजी म्हणाल्या. त्या पुळ्या चामखीळ नव्हत्या, आणि ती बाटली उघडली गेली नव्हती हे त्या मुलीचे सुदैव.

तो आजार मोलस्कम कंटेजिओसम होता. देवीचा रोग ज्या विषाणूंच्या कुळातला, त्याच कुळातला हा एक निरुपद्रवी म्हणावा असा नातेवाईक आहे. तो फक्त माणसालाच होतो आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच राहतो. रक्तात जात नाही, पोटात जात नाही, त्यामुळे ताप किंवा अशक्तपणा येत नाही. या वरच्या थरात लपून राहण्याची त्याची युक्ती इतकी चांगली असते की शरीराच्या संरक्षक पेशींना कित्येक महिने त्याचा पत्ताच लागत नाही. पुढे जे काही लिहिले आहे, म्हणजे थांबणे का परवडते, मध्येच पुळ्या लाल का होतात आणि अनेक मलमे निष्फळ का ठरतात, ते सगळे या एका गोष्टीतून समजते. शरीराने त्या विषाणूची एकदा दखल घेतली की तो टिकत नाही. प्रश्न फक्त दखल कधी घेतली जाते हा असतो.

पहिली पायरी: पुळी नेमकी ओळखणे

खिडकीजवळच्या उजेडात, किंवा मोबाइलची बॅटरी पुळीच्या बाजूने तिरकी धरून पाहावे. मोलस्कमची पुळी दोन ते पाच मिलिमीटरची, गोल घुमटासारखी, गुळगुळीत आणि थोडी चकचकीत असते. तिचा रंग त्वचेचा, गुलाबी किंवा मोत्यासारखा असतो आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी खळी असते. खळीतून आत पांढरा, घट्ट गर दिसतो. सगळ्याच पुळ्यांना खळी असेल असे नाही. नुकत्या आलेल्या, राळ्याच्या दाण्याएवढ्या पुळ्यांमध्ये ती दिसत नाही. म्हणून सर्वांत मोठी आणि जुनी पुळी शोधून तिचा जवळून फोटो घ्यावा व तो मोठा करून पाहावा. एका पुळीवर खळी नक्की दिसली, तर आजूबाजूच्या लहान पुळ्यांची ओळख आपोआप पटते. खाजवलेल्या ओरखड्यावर पुळ्या एका ओळीत मांडल्यासारख्या उगवलेल्या दिसल्या, तर ती आणखी एक खूण आहे. मुलाच्या नखानेच ते बी पेरलेले असते.

आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी सर्वांत जास्त गफलत घामोळ्याशी होते. घामोळे एका दिवसात शेकड्यांनी येते, टोचते आणि गारवा मिळाला की चार-सहा दिवसांत ओसरते. मोलस्कमची पुळी मात्र त्याच जागी आठवड्यामागून आठवडे बसून राहते. कांजिण्यांमध्ये ताप असतो, फोडांत पाणी असते आणि आठवड्याभरात खपल्या धरतात. चामखिळीचा माथा खरबरीत असतो, बोटाला लागतो. फोडावी म्हणून सेफ्टी पिनने टोचून पाहण्याची गरज कोणत्याही प्रसंगी नसते, कारण आतला तो पांढरा गर म्हणजे विषाणूंनी गच्च भरलेल्या पेशीच असतात, आणि तो बाहेर पडून शेजारच्या त्वचेला लागला की नव्या पुळ्यांची सोय होते.

दुसरी पायरी: मोजणे आणि एक तारीख ठरवणे

थांबायचे म्हणजे विसरून जायचे असे नव्हे. पहिल्या दिवशी सगळ्या पुळ्या मोजाव्यात, अंगाच्या प्रत्येक भागाचा एक फोटो घ्यावा आणि महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला, पुन्हा मोजावे. रोज पाहणाऱ्या आईला रोज नवी पुळी दिसते आणि तिचा धीर सुटतो. मी त्या मुलीच्या आईला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेच्या चौकटीत फक्त आकडा लिहायला सांगितले.

आधीच सांगायला हवे की पहिले काही महिने आकडा बहुधा वाढतो. विषाणू अंगाला लागल्यापासून पुळी दिसेपर्यंत साधारणपणे दोन ते सात आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणजे आज जी पुळी दिसते ती गेल्या महिन्यात पेरली गेलेली असते. एकेक पुळी साधारण दोन-तीन महिन्यांत स्वतःहून संपते, पण तोवर तिने नव्या पुळ्या दिलेल्या असतात, म्हणून सबंध आजार बहुतेक मुलांमध्ये सहा ते अठरा महिने चालतो. ब्रिटनमधल्या मुलांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पुळ्या पूर्ण जायला सरासरी सुमारे तेरा महिने लागले, आणि दीड वर्षानंतरही सुमारे तीस टक्के मुलांच्या अंगावर काही पुळ्या उरल्या होत्या. हा आकडा पालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितला तर ते थांबू शकतात. "महिन्याभरात जाईल" असे गोड बोलून त्यांना परत पाठवले, तर दुसऱ्या महिन्यात ते टरफलाच्या तेलाकडे वळतात, आणि तो दोष त्यांचा नसतो.

तिसरी पायरी: पुळीला नव्हे, भोवतालच्या त्वचेला औषध

खरे काम इथे आहे आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. अनेक मुलांमध्ये पुळ्यांच्या भोवती कोरडा, खाज सुटणारा, किंचित खवले आलेला पट्टा तयार होतो. तो इसब आहे. खाज आली की मूल खाजवते, खाजवले की आतला गर नखात येतो आणि नख जिथे जाईल तिथे पुळी उगवते. म्हणून इसब आवरला की नव्या पुळ्यांचा वेग मंदावतो, पुळ्यांना हातही न लावता.

दवाखान्यात आलेल्या त्या मुलीच्या काखेत हाताच्या तळव्याएवढा असा पट्टा होता. तिला आंघोळ कोमट पाण्याची, पाच-सात मिनिटांची सांगितली. साबण सौम्य आणि तोही फक्त काख, जांघ आणि पाय यांना. काथ्याचा घासणा आणि उटणे, दोन्ही बंद. आंघोळीनंतर अंग टिपून घ्यायचे, चोळायचे नाही, आणि त्वचा ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत वास नसलेले मॉइश्चरायझर लावायचे, असे दिवसातून दोनदा. कोकणातल्या दमट हवेत त्वचा कोरडी कशी पडेल असा प्रश्न आईने विचारला, आणि तो रास्त आहे. घामाने भिजणे आणि साबणाने सारखे धुणे यांत त्वचेतला तेलकटपणा निघून जातो. हवा दमट असली तरी इसब असलेल्या त्वचेचे पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात घट्ट मलम चिकट होते, म्हणून मे महिन्यात पातळ लोशन आणि थंडीत मलम अशी अदलाबदल चालते. खाजणाऱ्या पट्ट्यावर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम दिवसातून दोनदा, पाच ते सात दिवस, डॉक्टरांनी सांगितल्यास लावावे. नखे दर रविवारी कापावीत.

दुकानातून आणलेल्या त्या ट्यूबविषयी थोडे. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक असे तीनही एकत्र होते. अशी मिश्रणे आपल्याकडे खाज आली की सहज दिली-घेतली जातात. तीव्र स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. पण काखेसारख्या पातळ त्वचेवर ते काही आठवडे लावले तर त्वचा विरळ होते, पांढरे पट्टे पडतात, आणि शरीराने ज्या विषाणूची दखल घ्यायला हवी तिथेच दखल घेण्याची ताकद दाबली जाते. मोलस्कमच्या विषाणूवर त्यातल्या तीनही औषधांपैकी एकाचाही परिणाम होत नाही. ट्यूबचे झाकण बंद करून ती केराच्या डब्यात टाकणे हा त्या दिवशीचा पहिला उपचार होता.

चौथी पायरी: घरात पसरू न देणे

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची चार भावंडे या मुलीच्या घरी आली होती आणि सगळी एकाच पंचाने अंग पुसत होती. विषाणू तिथून आला असावा. कोणाकडून, हे शोधण्यात अर्थ नाही. त्वचेला त्वचा लागून, तसेच पंचा, स्पंज आणि अंगाला घासायच्या वस्तूंमधून तो पसरतो. प्रत्येक मुलाचा पंचा वेगळा आणि ओळखता येईल अशा रंगाचा असावा. पावसाळ्यात पंचे चार-चार दिवस सुकत नाहीत, तेव्हा दोन पंचे आलटून-पालटून वापरावेत. भावंडांची एकत्र आंघोळ काही महिने टाळावी. विहिरीच्या पाण्याने किंवा समुद्रात डुंबल्याने मोलस्कम होत नाही. पोहण्याच्या तलावातल्या मुलांत ते जास्त दिसते, पण तिथेही सामाईक टॉवेल आणि अंगाला अंग लागणे यांवरच बारीक लक्ष द्यावे. पोहायला जाताना पाणी न शिरणारी पट्टी पुळ्यांवर लावता येते. मात्र घरी दिवसभर पट्टी चिकटवून ठेवू नये. आपल्या घामात ती खाली पाणी धरते, त्वचा पांढरी पडून भिजते आणि पुळीपेक्षा मोठी जखम होते. सुती बनियन हेच पुरेसे आवरण आहे. शाळा किंवा अंगणवाडी बंद करण्याची गरज नाही.

पाचवी पायरी: पुळी लाल झाल्यावर

साधारणपणे याच वळणावर थांबलेले पालक घाबरतात. एखाद्या सकाळी एक पुळी लाल, सुजलेली, थोडी हुळहुळी होते. दोन दिवसांत शेजारच्या तीन-चार होतात, त्यांच्या माथ्यावर पिवळसर टोक येते आणि सगळे म्हणतात की पू झाला. बहुतेक वेळा तो पू जंतूंचा नसतो. शरीराने अखेर विषाणूची दखल घेतली आणि संरक्षक पेशी तिथे जमल्या, त्याची ती सूज असते. त्यानंतर हळूहळू पुळी खपली धरते आणि सपाट होते. इथे प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या तर पुळी बरी होतेच, आणि श्रेय गोळ्यांना जाते.

खरा जंतुसंसर्गही होतो, म्हणून फरक ओळखता आला पाहिजे. शरीराच्या स्वतःच्या सुजेत लाली पुळीच्या भोवती अरुंद कड्यासारखी थांबते, एकाच वेळी अनेक पुळ्या अशा होतात, आणि मूल खेळते, जेवते, फक्त घट्ट कपडा घालू देत नाही. जंतुसंसर्गात सहसा एकच जागा बिघडते. लाली रोज बाहेर सरकते, जागा गरम आणि टणक लागते, मूल हात लावू देत नाही, ताप येतो. सावळ्या त्वचेवर लाली लालसर न दिसता जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, त्यामुळे डोळ्यांपेक्षा हाताच्या मागच्या बाजूने ऊब तपासणे जास्त विश्वासाचे. मी पालकांना सांगतो की संध्याकाळी सुजेच्या कडेवरून बॉलपेनने हलकेच रेघ काढावी. सकाळी सूज रेघेच्या आत असेल तर वाट पाहावी. रेघ ओलांडून बोटभर पुढे गेली असेल, किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सहावी पायरी: कोणती पुळी काढायची

"सगळ्या काढा" आणि "काहीच करू नका" यांच्यामध्ये एक मधला रस्ता आहे आणि मी बहुतेक वेळा तोच धरतो: त्रास देणारी पुळी काढायची, बाकीच्या सोडायच्या. या मुलीच्या कमरेवर, चड्डीच्या इलॅस्टिकखाली, सप्टेंबरात एक पुळी आली. ती रोज घासून रक्त यायचे आणि मुलगी कपडे बदलताना रडायची. तेवढी एक काढायची ठरली.

त्याची रीत अशी. त्वचा बधिर करणारे लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम पुळीवर जाडसर ठेवून वर प्लॅस्टिकची पातळ चकती लावायची आणि सुमारे एक तास थांबायचे. हे मलम दवाखान्यातच लावावे. मुलाच्या वजनाच्या मानाने ते जास्त झाले, किंवा इसबाच्या त्वचेतून भराभर शोषले गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून मूल निळे पडू शकते. म्हणूनच चाळीस पुळ्या एका बैठकीत काढण्याचा आग्रह धरू नये. बधिर झाल्यावर क्युरेट नावाच्या कडीसारख्या चमच्याने पुळी एका झटक्यात खरवडून काढतात. रक्ताचा एक ठिपका येतो, तो कापसाने दाबून धरायचा. काम पाच सेकंदांचे, पण घाबरलेल्या मुलाला चौघांनी धरून ते करणे मला पटत नाही. मूल राजी नसेल तर पुळी ठेवलेली बरी.

दुसरा, आपल्याकडे बराच वापरला जाणारा मार्ग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाच किंवा दहा टक्क्यांच्या द्रावणाचा. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, घरी लावता येते. भोवतालच्या त्वचेवर आधी व्हॅसलीनचे कडे करायचे, टूथपिकचे टोक द्रावणात बुडवून निथळायचे आणि फक्त पुळीच्या माथ्यावर टेकवायचे, रात्री एकदा. पुळी लाल झाली, चुरचुरली की त्या पुळीवर थांबवायचे. बहुतेकांची चूक तिथेच होते, लाल झाल्यावरही लावत राहतात आणि व्रण करून घेतात. चेहरा, पापण्या, जांघ आणि फुटलेली त्वचा येथे ते लावू नये. कोणत्याही जाळणाऱ्या उपायाने आपल्या त्वचेवर काही महिने काळा किंवा पांढरा डाग राहू शकतो, आणि द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्यात पांढऱ्या डागाचा धोका विशेष असतो. आई-वडिलांना हे आधी सांगून मगच सुरुवात करावी.

उपचारांच्या अभ्यासांचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१७ सालचा आढावा पाहिला तर कोणताही एक उपाय ठामपणे श्रेष्ठ ठरलेला नाही, आणि इमिक्विमोड हे महागडे मलम औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरले नाही, शिवाय त्याने जागेवर जळजळ जास्त झाली. त्यानंतर अमेरिकेत २०२३ मध्ये कॅन्थरिडिनच्या एका औषधाला मोलस्कमसाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरांनीच लावायचे आणि चोवीस तासांनी धुवायचे असते. त्यानेही फोड येतोच.

टरफलाच्या तेलाविषयी आजींना मी एवढेच सांगितले की काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत, आणि दोन्हींचा रस त्वचा भाजतो. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटे त्यांनी जन्मभर पाहिली होती, त्यामुळे जास्त समजवावे लागले नाही. लसूण ठेचून बांधणे आणि चुना लावणे यांचीही तीच गत: पुळीबरोबर चांगली त्वचाही जळते आणि पुळीच्या दुप्पट व्रण उरतो.

थांबू नये अशा काही जागा आहेत. पापणीच्या कडेवरची पुळी डोळ्यात विषाणू गाळत राहते आणि डोळा सतत लाल ठेवते. ती नेत्रतज्ज्ञांनी पाहावी. सेंटिमीटरहून मोठ्या किंवा अंगभर शेकड्यांनी पुळ्या असतील, मुलाचे वजन घटत असेल किंवा त्याला वारंवार मोठे आजार होत असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर आधी रोगप्रतिकारशक्तीची तपासणी, एचआयव्हीसह, करावी. लहान मुलांच्या जांघेतल्या पुळ्या बहुतेक वेळा त्यांच्याच हाताने तिथे पोचतात. तरीही त्या डॉक्टरांना दाखवाव्यात, आणि डॉक्टरांनी मुलाशी व पालकांशी शांतपणे बोलून दुसरे काही काळजीचे कारण नाही ना, हे पाहावे.

मुलीचे कॅलेंडर आईने मला फाल्गुनात आणून दाखवले. जुलैत चौदा, ऑगस्टात तेवीस, सप्टेंबरात एकोणतीस. ऑक्टोबरात कमरेची काढल्यावर एकतीस. इसब मात्र सप्टेंबरातच शांत झाला होता आणि नव्या पुळ्या थोड्याच येत होत्या. दिवाळीनंतर नऊ पुळ्या एकदम लाल झाल्या तेव्हा आईने पेनाची रेघ काढून रात्र जागवली. सूज रेघेच्या आतच राहिली. डिसेंबरात सतरा, जानेवारीत आठ, फेब्रुवारीत तीन. मार्चच्या चौकटीत पूज्य होते. काखेत दोन-तीन जागी टाचणीने दाबल्यासारखे बारीक खळगे उरले होते, ते नीट शोधावे लागत होते. कमरेवर, जिथे मी क्युरेट चालवला होता, तिथे मसुराएवढा फिकट डाग मात्र लांबूनही दिसत होता.